त्याच्या वाट्याची सही

आमचे भाऊजी, म्हणजे यजमानांचे लहान भाऊ, डॉक्टर होते आणि लग्न केलं नव्हतं. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, आमच्या घरापासून दोन सिग्नल पुढे त्यांचं घर. माझी दोन मुलं हाच त्यांचा संसार. त्यातला धाकटा आता चाळिशीला आलाय, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. तो दर शनिवारी काकांकडे जायचा. तिथे त्याचं ठरलेलं काम होतं. काकांनी गॅरेजचा एक जादा रिमोट त्याला देऊन टाकला होता. गाडी वळली की हा बटण दाबणार, दार वर जाणार आणि काका आत उभे राहून म्हणणार, "या मालक."

मालक म्हणायचे खरे. आणि शेवटी तसंच करून गेले, तिथूनच सगळं सुरू झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण आपल्या कितीतरी घरांत असंच होतं. यजमान होते तेव्हाच आम्ही दोघांनी वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र केलं होतं. त्यात धाकट्याच्या नावावर आम्ही एक पैसासुद्धा ठेवला नाही. त्याच्यासाठी जे काही ते एका ट्रस्टच्या नावावर. कारण इथे त्याला सरकारकडून महिन्याला थोडी मदत येते, आणि मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, आहे. रोज घरी येणारी बाई, तो जातो ते दिवसाचं केंद्र, कामावर त्याच्यासोबत उभा राहणारा माणूस, हे सगळं त्या मेडिकेडवर चालतं. त्याच्या स्वतःच्या नावावर जरा कुठे पैसा जमला की हे सगळं बंद. तो पैसा संपवा, मग परत या, असा हिशेब. ट्रस्टमधला पैसा त्याच्या नावावर धरत नाहीत, तो ट्रस्टी सांभाळतो आणि त्याच्यासाठी खर्च करतो.

हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते जेवायला बसले होते. हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, "वहिनी, सख्ख्या पोराचं नाव गाळलंत?" मी परत परत समजावलं. मान हलवली, ताक प्यायले, गेले. मला वाटलं, समजले.

भाऊजी वारल्यावर त्यांचं मृत्युपत्र उघडलं. घर आणि बँकेतलं सगळं, दोन्ही पुतण्यांना निम्मं निम्मं. धाकट्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, नीट लिहिलेलं. डॉक्टर माणूस, पण प्रेम आलं की आपल्याकडे 'नावावर करणं' हेच सुचतं. आणि सगळं वाटून देण्याचं काम, एक्झिक्युटरचं, मोठ्याकडे.

माझा मोठा वाईट नाही, हे आधी सांगते. लहानपणी शाळेच्या बसमध्ये कोणी धाकट्याला हसलं तर हा मारामारी करून यायचा. पण गेली दोन-तीन वर्षं त्याच्या कंपनीचं काही ठीक चाललं नव्हतं. तो बोलायचा नाही, सूनही बोलायची नाही, पण मला दिसत होतं. दिवसकार्य झाल्यावर एका रविवारी तो एकटाच आला. मी पोहे केले होते. खाता खाता म्हणाला, "आई, एक सिंपल गोष्ट करू. घर माझ्या नावावर घेतो. त्याचा हाफसुद्धा. मग त्याच्या नावावर काहीच येणार नाही, मेडिकेडचा प्रॉब्लेमच नाही. तू त्याची गार्डियन आहेस, तू साइन करून दे."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं मी बघेनच ना. कोण बघणार दुसरं?"

खरं सांगते, मला ते बरोबर वाटलं. आपल्याकडे असंच होत आलंय. माझे वडील गेले तेव्हा मी सुट्टीत पुण्याला गेले होते. भावांनी कागद पुढे केला, हक्कसोडपत्र, मी सही करून दिली. वहिनीने पैठणी नेसवली, ओटी भरली, सगळ्यांचे डोळे भरून आले. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बहिणींनी सही करायची आणि माहेर जपायचं, हेच आम्हाला ठाऊक. त्यामुळे मोठा बोलला तेव्हा मनात आलं, घरातलं घरात आहे, करून टाकू.

सही करायच्या आधी आमच्या जुन्या वकिलाला फोन केला, तो फक्त विचारायचं म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, असं करू नका. धाकटा अठराचा झाला तेव्हा प्रोबेट कोर्टाने, म्हणजे वारसा आणि पालकत्व बघणाऱ्या कोर्टाने, मला गार्डियन नेमलं, ते त्याचं राहणं, दवाखाना, औषधपाणी बघायला. त्याची मालमत्ता सोडून द्यायला नाही. तो वाटा नको म्हटलं, किंवा भावाला देऊन टाकला, तर सरकार त्याला 'पैसा देऊन टाकला' असंच धरतं, आणि मदत बंद व्हायची ती होतेच. वर मोठा स्वतः एक्झिक्युटर आणि स्वतःच घेणारा. अशा व्यवहाराला कोर्टाची परवानगी हवी.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

त्याने सांगितलं की कोर्टाकडे अर्ज करून धाकट्याच्या वाट्याचा वेगळा ट्रस्ट करता येतो. पण हा पैसा त्याचा स्वतःचा, म्हणून आमच्या ट्रस्टसारखा नाही. धाकट्याच्या पश्चात जे उरेल, त्यातून आधी मेडिकेडने आयुष्यभर केलेल्या खर्चाची भरपाई सरकारला. मग काही राहिलं तर घरच्यांना. भाऊजींनी धाकट्याऐवजी आमच्या जुन्या ट्रस्टचं नाव लिहिलं असतं तर ही भरपाईची अट आलीच नसती. त्या एका नावाने एवढं केलं.

हे मोठ्याला सांगितलं. तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"म्हणजे काकाने कमावलं, गव्हर्नमेंटने खाल्लं. तुला हे चालेल आणि मी नको?"

"अरे, तुझ्यावर अविश्वास..."

"आई, सरळ बोल. यू डोन्ट ट्रस्ट मी."

मी चहा त्याच्यापुढे सरकवला. चहा गार झाला आणि तो न पिता गेला. जाताना धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीसारखी. काका गेल्यापासून शनिवारी मोठाच त्याला त्या घरी नेत होता. धाकटा म्हणाला, "दादा, सॅटर्डे?" मोठा म्हणाला, "बघू."

मी बरेच दिवस विचार केला. मोठा त्याला उपाशी ठेवेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही. पण घर त्याच्या नावावर आलं की त्याची बँक, त्याची देणी, त्याची कंपनी, हे सगळे त्या घराकडे बघणार. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, नवरा-बायकोत काही झालं, तर त्या घरात धाकट्याचा वाटा होता असं कोण म्हणणार? आणि मग ते पुण्याचं आठवलं. तिथे मी माझ्या वाट्यावर सही केली होती. माझं होतं, मी सोडलं. हे माझं नाही. त्याला सही करता येत नाही म्हणून माझी मागतायत.

मी अर्ज केला.

कोर्टाने धाकट्याच्या बाजूने बघायला एक वेगळी वकीलबाई नेमली. ती घरी आली. तरुण होती, बूट दारात काढले, मला बरं वाटलं. मग म्हणाली, "मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय." मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि कान तिकडे. तिने विचारलं, तुला काय आवडतं, कोण येतं, शनिवारी काय करतोस. याने खिशातून रिमोट काढून दाखवला. "काकाज् हाऊस. मी ओपन करतो." तिने विचारलं, काका कुठे आहेत? "नो मोअर," म्हणाला, "दादा नेतो."

जाताना ती मला म्हणाली, "ट्रस्टी कोण असावा असं तुम्हाला वाटतं, ते सुनावणीत तुम्हाला विचारतील. आधी ठरवून या."

मोठ्याने आपलं नाव सुचवलं होतंच.

सुनावणीला मोठा आला, सूट घालून. माझ्या शेजारी बसला नाही, पण पाण्याची बाटली आणून दिली. धाकटा मध्ये बसून रिमोटची झाकणी उघडत होता, लावत होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ट्रस्टी म्हणून मोठ्या मुलाला माझी हरकत आहे का. सगळ्यांसमोर. माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं. मी म्हटलं, "तो चांगला भाऊ आहे. त्याने भाऊच राहावं. पैसा बाहेरच्याकडे असू दे." वकीलबाईचं मतही तेच होतं. मोठा ज्या घराचा वाटेकरी, त्याच घरातला भावाचा वाटा त्यानेच सांभाळावा हे बरं नाही, एवढंच ती शांतपणे म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी ते मानलं. ट्रस्टी म्हणून अपंगांसाठीच काम करणारी एक संस्था आली, तिने दर वर्षी कोर्टाला हिशेब द्यायचा. मोठ्याला घर हवं असेल तर बाहेरच्या माणसाकडून किंमत ठरवून, कोर्टाच्या परवानगीने, भावाचा निम्मा वाटा विकत घ्यायचा. नाहीतर घर विकायचं आणि निम्मे पैसे ट्रस्टमध्ये.

पार्किंग लॉटमध्ये मोठा म्हणाला, "जजसमोर मला चोर केलंस, आई."

"चोर म्हटलं नाही रे."

"म्हणायला लागत नाही."

त्याला वाटा घेणं जमलं नाही. घर विकलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, दाराला निळा रंग दिलाय.

मध्यंतरी वकिलाने आणखी एक सांगितलं. माझ्यामागे गार्डियन कोण, ते आत्ताच कोर्टाला सांगून ठेवता येतं, म्हणजे मी गेले की तो माणूस लगेच उभा राहतो. मी मोठ्याचंच नाव दिलं. त्याला फोन केला, त्याची संमती लागते म्हणून.

"म्हणजे माणूस माझ्याकडे आणि पैसा दुसऱ्याकडे?"

"हो. माणूस तुझ्याकडे."

मग म्हणाला, "पाठव, बघतो." तो संमतीचा कागद अजून सहीशिवाय त्याच्याकडे पडलाय. मी विचारलं नाही, आणि विचारायचं नाही असं ठरवलंय, पण रोज मनात येतं. मी आता सत्तरीच्या पुढे गेले, औषधांचा डबा धाकट्याच्यापेक्षा माझाच मोठा झालाय.

गेल्या शनिवारी मोठा आला. आत आला नाही, हॉर्न दिला. धाकटा धावत गेला, मी खिडकीत. परत आले तेव्हा धाकट्याचे केस कापलेले, मानेवर पावडर. मला सांगत होता, "काकाज् हाऊस. बटण केलं. नो ओपन." मी मोठ्याकडे बघितलं. म्हणाला, "त्याला नेलं नाही तर तो ऐकत नाही. बाहेरूनच दाखवलं." मग आपण होऊन टेबलाशी बसला. मी पोहे टाकले. संमतीचं तो काही बोलला नाही, मीही नाही. त्याने धाकट्याच्या ताटलीतले दाणे वेचून आपल्याकडे घेतले, कारण ते धाकट्याच्या घशात अडकतात, आणि हे मोठ्याला सांगावं लागलं नव्हतं.