तीन नंबरची बाटली

बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेचं काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. वय एकवीस. लघवी तपासायला शिकवताना आमचे सर, म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ, म्हणाले, "आधी निरोगी माणसाची बघ. निरोगी कसं दिसतं ते कळलं की रोग आपोआप दिसतो." निरोगी माणूस म्हणून मी माझीच बाटली आणली.

हाताने फिरवायच्या यंत्रात नळी फिरवली, तळाचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल, फिकट पिवळसर चकत्या, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी, पसरलेल्या होत्या. जिथे एखाददुसरी दिसावी तिथे दहा-बारा. माझा विश्वास बसेना. सरांनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पाळी?"

"नाही. होऊन पंधरा दिवस झाले."

"मग पुढच्या महिन्यात परत बघू."

पुढच्या महिन्यात त्याच चकत्या, आणि त्याच्या पुढच्याही महिन्यात. दुखत-खुपत काही नव्हतं. लघवीचा रंग नेहमीसारखा. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला काही म्हणता काही सापडलं नसतं. आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांना आधी मुतखडाच आठवतो. आईने दोन महिने कुळथाचं पाणी पाजलं. फोटो काढला तर त्यात खडा नाही. क्षय नाही, जंतू नाहीत. चकत्या मात्र जागच्या जागी.

त्यातच मेहकरच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझा नेमणुकीचा हुकूम आला. आमच्या धामणगाव बढ्यात तोवर एकही मुलगी सरकारी नोकरीला लागलेली नव्हती. पण रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी होती, आणि तिच्यात लघवीही तपासत. दवाखान्यातल्या एका जुन्या बाईंनी हळूच सुचवलं, "दुसऱ्या कोनाची बाटली देऊन दे. कोन पायते?"

मी रात्रभर नाही, पण जेवताना मात्र विचार केला. ज्या नोकरीत जन्मभर खरे रिपोर्ट लिहायचे, तिच्यात खोट्या बाटलीने शिरणं मला जमेना. मी माझीच दिली. वैद्यकीय मंडळाचा शेरा आला: मूत्रपिंडाचा विकार संभवतो, तूर्त अपात्र.

बाबा बुलडाण्याला आले. भाजीचा मळा करणारा माणूस, कागद उलटासुलटा करून पाहत राहिले. म्हणाले, "किडनी गेली का तुई?"

"मले नाई माहीत, बाबा."

सर आम्हाला दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी माझा रक्तदाब पाहिला, चांगला होता. परीक्षानळीत लघवी तापवून वर आम्लाचे थेंब टाकायला लावले. नळी स्वच्छ राहिली, म्हणजे प्रथिनं जात नव्हती. रक्तातला युरिया बरोबर. मग त्यांनी विचित्र वाटणारे प्रश्न विचारले. "घरात कुणी तरुणपणी अंगावर सूज येऊन गेलं? कुणाला कमी ऐकू येतं? मामा, काका, आत्या?"

बाबा म्हणाले, "नाई साहेब. माह्या थोरल्या बहिणीले सत्तरी लागली. कोपऱ्यातलं कुजबुजलेलंही तिले ऐकू येते."

डॉक्टर हसले. "त्यांना घेऊन या. सगळ्यांनाच आणा. बाटल्या इथेच भरायच्या, शिळ्या लघवीत पेशी फुटून जातात."

आत्या सहज आली नाही. "मले काय झालं? मी काऊन तपासू? या वयात बाटली भरू का मी?" असं तिने तीन वेळा म्हटलं. शेवटी मी गावी जाऊन म्हणाले, "आत्या, माही नोकरी तुह्या बाटलीत हाये." ती लुगडं बदलायला आत गेली.

सकाळच्या बसने चौघं माझ्यासोबत आली: बाबा, आई, धाकटा भाऊ आणि आत्या. सरांनी बाटल्यांवर नावं न घालता एक ते चार आकडे घातले आणि यादी खिशात ठेवली. "तू बघ," म्हणाले. "नाव माहीत असलं की डोळा हवं ते बघतो."

पहिल्या बाटलीत काही नव्हतं. दुसरीत चकत्या होत्या, माझ्यासारख्याच. तिसरीत त्याहूनही जास्त. चौथी स्वच्छ. मी कागदावर लिहून सरांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा चढवून यादी काढली.

"दोन नंबर तुझे वडील," ते म्हणाले. "आणि तीन नंबर तुझी आत्या."

आत्याचा रक्तदाब, युरिया, कान, सगळं ठीक निघालं. मोठे डॉक्टर सर्वांसमोर म्हणाले, "मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक केशवाहिन्या असतात. त्यांना एक पातळ पडदा असतो. तुमच्या घरात तो जन्मतःच इतरांपेक्षा पातळ असावा, म्हणून चार लाल पेशी निसटतात. त्याने मूत्रपिंड सहसा बिघडत नाही; जो वाईट आजार बिघडवतो, त्यात बहुधा कानही जातात. बाईंनी सत्तर वर्षं तसंच काढलंय. पण मंडळाला माझा अंदाज चालणार नाही, पुरावा लागेल."

पुरावा मुंबईला मिळणार होता. बाबा सोबत आले. मोठ्या दवाखान्यात मला पालथं झोपवून, पाठ बधिर करून, सुईने मूत्रपिंडाचा दोऱ्याएवढा तुकडा काढला. एक दिवस उताणं पडून राहायचं होतं. पहिली लघवी लालसर झाली तेव्हा बाबा घाबरले, संध्याकाळपर्यंत ती निवळली. साध्या सूक्ष्मदर्शकात तो तुकडा अगदी निरोगी दिसला. पडदा मोजायला इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो, त्याचा निकाल कित्येक आठवड्यांनी टपालाने आला. पडदा सगळीकडे पातळ, नेहमीच्या साधारण निम्मा. दुसरा काही दोष नाही. कानांची तपासणी चांगली, डोळ्यांची चांगली. खाली सल्ला होता: कामाला पात्र, वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब पाहावा.

मंडळापुढे मी तो कागद घेऊन उभी राहिले. तिघांतल्या मधल्या डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "लघवीत रक्त तर आहेच ना अजून?"

"आहे, सर. आणि ते जन्मभर राहील," मी म्हणाले. "प्रथिनं नाहीत, रक्तदाब चांगला आहे. माझ्या वडिलांना आहे, सत्तर वर्षांच्या आत्याला आहे. त्या अजून मळ्यात खुरपायला बसतात. त्यांच्या लघवीतल्या पेशी मी स्वतः मोजल्यात."

आता त्यांनी वर बघितलं. "स्वतः?"

"हो, सर. नावं झाकून."

त्यांनी कागद शेजारच्या दोघांकडे सरकवला. तिघांनी वाचला. मग मधल्यांनी जुना शेरा एका रेषेने खोडला, त्यावर 'पात्र' लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. तो शिक्का पडल्याचा आवाज मला फार आवडला.

मेहकरला रुजू होण्याच्या आधी मी दोन दिवस गावी गेले. बसमधून उतरले तर वाटेवरच्या तिघा-चौघांनी मला अडवून एकच विचारलं, तो पातळ पडदा नेमका असतो कुठे. बातमी माझ्या आधी पोचली होती. घरी आत्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, "बाकीच्यायचं मुंबईवाल्यायनं एकदा पायलं अन् सोडून देल्लं. आमचा पडदा मोजा लागला." शेजारीण मान डोलवत होती. आत्याने मला पाहिलं आणि सरकून आपल्या बाजूला जागा केली. "ये वं," म्हणाली, "बस. तूच सांग हिले नीट."

मी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.