हजेरीमास्तरांचं पहिलं मिनिट

जुन्या राजवाड्याच्या संग्रहालयात पाहुण्यांना फिरवणारे आठ मार्गदर्शक आहेत. सात जण माहिती सांगतात. आठवे हजेरीमास्तर आधी हजेरी घेतात, म्हणून तर हे टोपणनाव. फाटकापाशी गट जमला की ते एकेकाला विचारणार, "कागदावरचं नाव नको, घरी काय म्हणतात ते सांगा." मग एखादे मोठे साहेब लाजत 'बाळ' होतात, एखाद्या करारी बाई 'चिंगी' होतात. आत दरबारात शिरल्यावर पहिल्याच मिनिटात मास्तर प्रत्येकाला त्या नावाने हाक मारतात, फेरी किती वेळ चालेल, जिने किती, स्वच्छतागृह कुठे हे सांगतात आणि एक छोटासा विनोद करतात. लोक विरघळतात. बावीस वर्षं हे चाललंय.

यामागचं गुपित फक्त बायकोला ठाऊक. मास्तरांच्या लक्षात चेहरे अजिबात राहत नाहीत. लग्नकार्यात ते स्वतःच्या बायकोला साडीच्या रंगावरून हुडकतात. पाहुण्यांची नावंही ते अशीच अंगावरच्या वस्तूंना अडकवून ठेवतात. लाल टोपी म्हणजे बाळ, हिरवा कोट म्हणजे चिंगी. माणूस कोण का असेना, टोपी शाबूत असली की झालं.

मध्यंतरी नव्या व्यवस्थापकबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, "मास्तर, आता कानात घालायची बोलकी यंत्रं येताहेत. माहिती ती सांगतील. मग तुम्ही काय वेगळं करता?"

"मी माणसाला नावाने हाक मारतो," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले.

"उत्तम. बुधवारी मी तुमच्या गटात येते. जमलं तर सकाळचा गट तुमचा. नाही जमलं तर तुम्ही खिडकीत बसून यंत्रं वाटा."

बुधवारी कडाक्याची थंडी होती. बारा पाहुणे, त्यांत एक निवृत्त न्यायाधीश 'बाळ' आणि हिरव्या कोटातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई 'चिंगी'; शिवाय हिरव्याच कोटातल्या व्यवस्थापकबाई. मास्तर हुशार, डॉक्टरीणबाईंचं नाव त्यांनी पिवळ्या मफलरीला अडकवलं. सगळं मनात घोकत ते गट घेऊन दारात आले. तिथे सामान सांभाळणाऱ्या बाई हात आडवा करून उभ्या.

"कोट, टोप्या, मफलरी, छत्र्या, सगळं इथे ठेवा आणि बिल्ला घ्या. आजपासून नियम."

"अहो, कसला नियम?"

"काल तुमची सुट्टी होती ना! एकाच्या छत्रीने दरबारातल्या पडद्याला भोक पाडलं. चला, ओळीत या."

बघता बघता मास्तरांची बावीस वर्षांची विद्या खुंट्यांवर लटकली. दरबारात त्यांच्यासमोर उरली तेरा तोंडं. सगळ्यांना दोन डोळे, एक नाक. माणसाने ओळखायचं तरी कशावरून?

मिनिट सुरू झालं. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि समोरच्या गंभीर बाईंकडे हात केला. "या चिंगी, या पुढे. लाजायचं नाही हं!"



"चिंगी मी," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या कोण ते त्यांनाच विचारा."

त्या व्यवस्थापकबाई होत्या.  आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मंडळी," ते म्हणाले, "तुमची नावं मी कोटांना अडकवली होती. ती आता सामानघरात जमा आहेत. जाताना बिल्ला दाखवून ज्याची त्याने न्यावी."

आधी न्यायाधीश हसले, मग सगळेच. "मी बाळ बरं का," म्हणत ते शेजारच्याकडे वळले. "आणि तुम्ही?" जो तो एकमेकांना नावं सांगू लागला. मराठी नव्याने शिकणाऱ्या एका परदेशी विद्यार्थिनीने तर 'बाळ' म्हणून न्यायाधीशांचा हातच धरला. शेवटी न्यायाधीशांनी व्यवस्थापकबाईंना गाठलं. "बाई, तुमचं राहिलं."

 त्या छताकडे बघत पुटपुटल्या, "ढमी."

दीड तासाची फेरी अडीच तास चालली. कुणी जायलाच तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हातात परिपत्रक पडलं. सकाळचा गट त्यांचाच राहिला होता. खाली कलम होतं : 'पाहुण्यांत मोकळेपणा यावा म्हणून सर्व मार्गदर्शकांनी पहिल्या मिनिटात किमान दोन नावे चुकवावीत.'

"बावीस वर्षं मी एक नाव चुकलो नाही," मास्तर घरी कळवळून म्हणाले, "आणि आता चुकायचा हुकूम!"

"मग त्यात काय कठीण आहे?" बायको म्हणाली. "तुम्ही फक्त तोंड उघडा."

पण कठीण आहेच. नाव मुद्दाम चुकवायचं तर आधी बरोबर कोणतं ते माहीत हवं. मास्तर नुसते अंदाजाने ठोकतात. त्यामुळे कधीकधी एखाद्याचं नाव अगदी बरोबर येतं. मग तो पाहुणा खूश होतो आणि मास्तर कासावीस होऊन त्याची माफी मागतात.