पावती टपालात आहे

वाशीमच्या कापसाच्या जिन-प्रेसमध्ये मी इंजिनावर मिस्त्री होतो. इंग्रजी तिसरीत शाळा सुटली होती आणि घर राहिलं होतं कोकणात, दोन दिवसांच्या वाटेवर. मला तिथे चिकटवून घेतलं ते कारखान्याच्या हेडकारकुनांनी. सगळे त्यांना मोठे बाबू म्हणत. पहिल्या महिन्यात खानावळवाल्याला माझी हमी त्यांनीच दिली होती. आयुष्याचा विमा उतरवायलाही त्यांनीच लावलं. "तुले काही झालं तं मायले कोन पायनार?" असं म्हणून एजंटाला माझ्यासमोर आणून बसवलं. माझ्यावर त्यांचं एवढं होतं की त्यांना 'नाही' म्हणायची जीभच मला नव्हती.

नवे पैसे चलनात आले त्याच सुमारास सरकारनं प्राप्तिकराची मर्यादा खाली आणली आणि माझ्यासारखा मिस्त्रीही तिच्यात सापडला. दर महिन्याला पगारातून साडेसहा रुपयांच्या आसपास कापले जात. विम्याचा हप्ता भरला असेल तर त्यावर थोडी सूट मिळते, हे मला ठाऊकच नव्हतं. एप्रिलात, कराच्या वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी आपापल्या विम्याचं लिहून दिलं होतं, मी दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत एके सकाळी मी पोस्टात मनिऑर्डरच्या रांगेत उभा होतो. धाकटी बहीण मॅट्रिकला होती. परीक्षेची फी आणि तालुक्याला राहायचा खर्च, असे पैसे घरी धाडायचे होते. मार्चात येणाऱ्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेलेच ते पैसे. मोठे बाबू तिकिटं घ्यायला आले, मला पाहून थांबले.

"हप्ता धाडला वाटते? बरं केलं बाप्पा, मुदतीच्या आधीच."

मी "होय" म्हणालो. एवढंच. फॉर्मवर आईचं नाव होतं, तो मी मुठीत घट्ट धरला.

दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "काहून रे, साल सरत आलं अन् तू विम्याचं सांगतलंच नाई? सरकारले चार रुपये जास्तीचे कायले द्याचे?"

"आता उशीर झाला ना, बाबू?"

"उशीर कायचा! फेब्रुवारी अन् मार्च, दोन पगार हायेत अजून. आतापर्यंत जास्त कापलं ते यात कमी करता येते. मार्चचा पगार झाला का मंग आपल्या हातात काही नाई. मंग रिफंडसाठी अकोल्याले इन्कम टॅक्सच्या कचेरीत अर्ज करा, अन् बसा वाट पाहत."

अर्ज त्यांनीच लिहिला. 'चालू वर्षात विम्याचा हप्ता भरला आहे, तरी कपात दुरुस्त करावी.' मी खाली सही केली. पावती कुठं आहे म्हणाले, तर मी म्हणालो, "टपालात आहे. यायची आहे." कारखान्याचे मालक शेटजी, त्यांनीही हेच विचारलं. बाबू म्हणाले, "माया डोळ्यांदेखत धाडला त्यानं हप्ता." शेटजींनी सही केली. फेब्रुवारीच्या पगारात माझे चार-साडेचार रुपये कमी कापले गेले.

मनात होतं की त्या पगारातून मार्चात हप्ता भरून टाकू आणि खोटं खरं होईल. पण बहिणीच्या वसतिगृहाचं पत्र आलं आणि खानावळवालाही मागची बाकी मागायला आला; पगार त्यातच गेला. हप्ता भरायला महिनाभराची सवलत होती, त्यामुळे विमा बंद पडणार नव्हता. पण एकतीस मार्चच्या आत पैसे भरले नाहीत तर यंदाच्या सालात सूट बसणार नव्हती. हे मला बाबूंनीच समजावून सांगितलेलं.

मार्चभर ते रोज विचारत. "आली का पावती?" मी रोज "नाही" म्हणे. एवढं खरं बोलणं मला कधी इतकं जड गेलं नव्हतं. हंगाम उतरला होता. आवारातल्या कापसाच्या गाड्या कमी कमी होत चालल्या होत्या आणि इंजिनाजवळ बसून मला दिवसभर बाबूंच्या चपलांचा आवाज ऐकू येई.

शेवटच्या आठवड्यात पोस्टमनच माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. "मिस्त्री, तुमची पावती म्या नाई हो हरवली. थैला झाडून पायला. बाबू मले चारचौघांत बोलले, म्हणे अकोल्याले तक्रार करतो. लेकराबाळाचा मानूस हाय मी."

तो गेल्यावर मी हातातला पाना खाली ठेवला. मी तसाच तेलकट हातांनी ऑफिसात गेलो.

"बाबू, पावती येणार नाही. हप्ता भरलाच नाही. ती मनिऑर्डर घरची होती."

त्यांनी चष्मा काढला.

"तवा काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही म्हणालात हप्ता धाडला वाटते, म्हणून..."

"म्हंजे मीच तुले खोटं शिकवलं?" आवाज चढला नाही. "अन् त्या पोस्टमनले म्या कायले बोललो रे?"

त्यांनी पगारपत्रक ओढलं. "पगाराले चार दिवस हायेत. फेब्रुवारीत कमी कापलं ते मार्चात वसूल करतो अन् मार्चची पुरी कपात करतो. एप्रिलात साऱ्यांच्या पगाराचं पत्रक अकोल्याले जाते, त्यात फरक राह्यला तं सरकार शेटजींले धरते, तुले नाई. जमलं. बुडत कोनाचंच नाई."

मग ते कागद घेऊन शेटजींच्या खोलीत गेले. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर उभा राहिलो.

"मुनीमजी, ये क्या? मिस्त्रीनं फसवलं तुम्हाला?"

"नाई जी. म्या पावती न पाहता सूट देल्ली. चूक मायी हाय."

"तीस साल में पहली बार."

"व्हय जी."

आत जाऊन "खोटं मी बोललो" एवढं म्हणायचं होतं. तीन पावलांचं अंतर. मी गेलो नाही. नोकरी गेली तर घरी काय धाडू, हा विचार आडवा आला. तो खरा होता, पण तेवढ्यानं मी सुटत नाही. शेटजी म्हणाले, यापुढे कपातीचं पत्रक आमच्या पोराला दाखवून मगच पाठवत जा. त्यांचा मुलगा नुकताच बी.कॉम. होऊन आला होता.

बाबू बाहेर आले, मला पाहिलं आणि आपल्या मेजाकडे गेले. संध्याकाळी पोस्टासमोरच्या हॉटेलात त्यांनी पोस्टमनला चहा पाजला. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. तो पोस्टमन हसत होता आणि बाबू हात जोडल्यासारखे करत होते.

मार्चच्या पगारातून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी हप्ता भरला, आणि या वेळी पावती खरोखरच टपालानं आली. त्याच पोस्टमननं ती आणून दिली. मी ती धावत बाबूंकडे नेली. त्यांनी तारीख पाहिली, नव्या सालाच्या फायलीत टाचणीनं लावली.

"हे नव्या सालात धरतो," म्हणाले. "यंदा लय लवकर आनली गड्या."

मी हसायला पाहिजे होतं. ते हसलेही असते. पण तेवढ्यात महिन्याचं पत्रक तयार झालं, आणि तीस वर्षं स्वतःच्या सहीनं कागद पाठवणारा तो म्हातारा माणूस ते हातात धरून शेटजींच्या पोराच्या खोलीकडे निघाला. मी बाजूला होऊन वाट दिली. पुढे दर महिन्याला देत राहिलो.