चौदा शून्यं

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या क्लासमध्ये मी विज्ञान शिकवते आणि योगेंद्र सर गणित. इतक्या वर्षांत सरांना फळ्यावर अडखळताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा जरा ताठाही होता. मुलं सरांच्या शब्दापुढे स्वतःचं डोकं चालवतच नसत. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत जी पहिली येईल, तिची पुढची फी माफ. यंदा सोनाली एका गुणाने हुकली. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला; घरी ठरलेलंच होतं: फी माफ झाली तर शिक्षण, नाहीतर साड्यांना टिकल्या लावायच्या. दुसऱ्या दिवसापासून तिचा बाक रिकामा.

हुकला तो गुण असा. 0.5 चा पन्नासावा घात काढला, तर दशांश चिन्हामागोमाग किती शून्यं येतात? सोनालीने पंधरा लिहिलं होतं. सरांनी ते खोडून वर लाल शाईने चौदा लिहिलं.

पुढच्या आठवड्यात सर तेच गणित वर्गात सोडवत होते. मी दारातच उभी होते. "लॉग आला ऋण 15.05. पंधरातून एक गेला, चौदा शून्यं." मागच्या बाकांना कळेना, म्हणून त्यांनी लहान घात घेतला. 0.5 चा दहावा. लॉग ऋण 3.01, म्हणजे दोन शून्यं. मग पडताळा म्हणून गुणाकारच करून दाखवला: 0.0009765625.

शून्यं तीन होती. सरांनी बोट ठेवून पुन्हा मोजली. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: ऋण 15.05 म्हणजे ऋण 16 अधिक 0.95. एक वजा करायचा तो सोळातून. पंधरा.

"अपूर्णांक आधी धन करून घ्या, हे मीच घोकवून घेतो," ते पुटपुटले आणि तडक सोनालीच्या घरी निघाले. त्यांची अवस्था बघून मीही मागोमाग गेले.

सोनालीची आई शोभाबाई दारात होती. "बठा सर. पोर कामले लागनी." आत सोनाली मांडीवर साडी घेऊन बसली होती. सरांना पाहताच उठून उभी राहिली.

"सर, ते गणित मी परत केलं. चौदाच येतं. आधी माझं पंधरा यायचं, मग तुमच्याशी जुळेपर्यंत रीत बदलत गेले. आता नाही चुकणार."

सर तिच्यासमोर खाली बसले.

"पंधराच बरोबर होतं, बाळा. चूक माझी. उद्यापासून क्लासला ये, तुझी फी मी भरतो."

सोनालीने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"माझं मन राखायला असं म्हणू नका ना, सर," ती म्हणाली.