सारख्या अंतराची भिंत

हिंदुराव सर अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचे. म्हणजे तास घेतला तर पैसे, गणपतीची सुट्टी लागली तर नुसते मोदक. आठ वर्षं 'यंदा कायम करतो' हे ऐकून घरच्यांनी विचारणंही सोडलं होतं.

कालरेषा हा त्यांचा जीव. सगळी पोरं एकच चूक करतात, घटना क्रमाने लावतात पण सारख्या अंतरावर. १८५७, १८८५, १९४२, मध्ये दोन-दोन बोटं. सर ओरडायचे, "अरे, अठ्ठावीस वर्षं आणि सत्तावन्न वर्षं एकाच मापाची? रिकामं दिसतं तिथंच विचारायचं, इथं काय चाललं होतं?"

शाळेला पन्नास वर्षं झाली. भिंतीवर शाळेची कालरेषा रंगवायचं काम सरांकडे आलं. एका वर्षाला सहा इंच. १९७४ स्थापना, १९८७ स्वतःची इमारत, आणि मध्ये साडेसहा फूट कोरी भिंत. सरांनी खडूने तिथं लिहिलं, 'या काळात वर्ग पालेगावच्या रामभाऊंच्या गोठ्यात भरत. इमारतीची जागाही त्यांचीच.'

संस्थेचे सचिव महेंद्रशेठ पाहायला आले.

"सर, हा गोठा कशाला? फंक्शनला आमदार येणारेत."

"शेठ, तेरा वर्षांचं अंतर आहे. काहीतरी लिहावं लागेल."

"अंतर कमी करा ना! सगळे ठिपके सारखे लावा, एकदम टकाटक दिसेल. जागा कोणाची लिहिलंत की उद्या लोक सातबारा काढतील." मग खांद्यावर हात. "तुमची फाईल माझ्याच टेबलावर आहे. या महिन्यात कायम करून टाकू."

सरांनी ओल्या फडक्याने खडू पुसला. रंगाऱ्याला ठिपके सारख्या अंतरावर मारायला सांगितले. भिंत खरंच टकाटक दिसली.

कार्यक्रमाला रामभाऊंची सून सुंदराबाई आली, बोलावलं नसताना. वाचता येत नाही, म्हणून तिने सरांनाच धरलं.

"मास्तर, काय लिवलंय वाचा की."

"चौऱ्याहत्तरला शाळा सुरू झाली. मग सत्त्याऐंशीला इमारत."

"आन् मधी?"

सरांनी वळून पाहिलं. मागे महेंद्रशेठ आमदारांना चहा देत होते.

"मधे काही नाही, आजी. लगेच बांधली."

"लगेच कशी?" ती हसली. तिला वाटलं, सर मस्करी करतायत. "नवी नवरी व्हते मी. पोरां यायच्या आधी शेण काढून गोठा सारवून ठेवायचे. सासरा म्हणायचा, पोरांचे कपडे खराब नको व्हायला."

"तुमची आठवण चुकत असेल, आजी," सर म्हणाले.

तिचं हसू गेलं. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि चप्पल शोधायला वळली.

सर त्याच महिन्यात कायम झाले. पेढे त्यांनी आम्हालाही दिले. आम्ही खाल्ले.