वरच्या दातांची आतली बाजू

राजवाड्याजवळच्या माझ्या दवाखान्यात महूची एक मुलगी आत्याबरोबर आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ज्युडो खेळायची. थंड पाणी प्यायलं की दातांतून कळ जाते, एवढीच तक्रार. आत्यांचा राग बर्फाच्या गोळ्यांवर होता.

आरसा घालून पाहिलं. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत झिजून पिवळसर झाली होती, कडा काचेसारख्या पातळ. दाढेत पूर्वी भरलेली चांदी भोवतालच्या दातापेक्षा वर उठून दिसत होती. खालचे पुढचे दात मात्र छान. उलटी होताना जीभ त्यांना झाकते, म्हणून ते वाचतात. आम्ल पोटातून वर येत होतं, हे दिसत होतं. का येत होतं, ते दातांवरून कळत नाही.

एक्स-रे काढायचा होता, म्हणून आत्यांना बाहेर बसायला सांगितलं. तो झाल्यावर खुर्ची सरळ केली, मास्क काढला, समोर स्टुलावर बसले.

"पोटातलं आम्ल वर आलं की दात असे झिजतात. ॲसिडिटीनं होतं, आजारपणात होतं, वजनाच्या टेन्शननं कुणी स्वतः उलटी काढत असेल तर त्यानंही होतं. तुझं यातलं काही आहे का? आज नाही सांगितलंस तरी चालेल."

"ॲसिडिटीच असेल, मॅडम," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मी ते खोडलं नाही. कारण काहीही असो, वर आलं की लगेच ब्रश करू नकोस, नरम पडलेला थर घासून निघतो, असं सांगितलं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरायची, ब्रश तासाभरानं. दातांवर फ्लोराइडचा लेप लावला आणि पुन्हा बोलावलं.

त्या वेळी ती एकटीच आली. "कुणी मुद्दाम करत असेल, तर तुम्ही घरी सांगता क्या?"

"तुला विचारल्याशिवाय नाही. दात मी बघते. बाकीच्यासाठी माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, त्या रागवत नाहीत."

मग ती बोलली. स्पर्धेआधी वजन गटात बसवायला उलट्या काढणं सुरू केलं होतं, नंतर थांबवता येईना. मी तिथूनच त्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं, मग बोलणं सुरू झालं. मधे एकदा-दोनदा गाडी घसरली, पण तिनं ते स्वतःहून सांगितलं. आत्यांनाही तिनंच सांगितलं.

उलट्या थांबल्यावर मी झिजलेल्या दातांवर त्याच रंगाचं मटेरियल चढवलं. थर परत उगवत नाही, पण उरलेला झाकता येतो.

यंदा दोघी पुन्हा आल्या, तपासणीला. मुलगी वरच्या वजनगटात खेळली होती आणि सेमीफायनलला हरली होती. आत्या ती लढत मला हातवारे करून दाखवत होत्या, इतक्या जोरात की बाहेरचे पेशंट डोकावले. मुलगी पोट धरून हसत होती, तोंड पूर्ण उघडून, आणि मला तपासायला काही थांबेना.