जानरावांची तीन पावलं

भातकुलीचे जानराव म्हणजे शब्दाला चिकटलेला माणूस. "या एकदा जेवायला" असं वाटेत कुणी सहज म्हटलं, की हे संध्याकाळी हातपाय धुऊन त्याच्या दारात हजर! अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, काळ्या वावरांचे, कापसाच्या शेतांचे धनी मिशीला पीळ देऊ लागले, तरी हे तसेच राहिले. लोक खुळे म्हणत. मला ते फार आवडत.

त्या साली गावात एका बुवानं पुराण लावलं. वामनानं बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापला, तिसऱ्यासाठी बळीनं आपलं डोकं पुढं केलं. कथा संपवून बुवा म्हणाला, "मलाही मठीपुरती तीन पावलं देणारा कुणी बळी आहे का?" जानरावांनी तिथंच त्याच्या हातावर पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी बुवा म्हणाला, "माझी पावलंही वामनाचीच. सगळं वावर माझं झालं."

"शबुद देल्ला म्या," म्हणत जानराव वावर सोडायला निघाले. त्यांची बायको मैनाबाई मात्र दोघांनाही अमरावतीच्या सहदेवशास्त्र्यांकडे घेऊन गेली. शास्त्र आपल्याच बाजूचं, या भरवशावर बुवाही आला.

शास्त्री म्हणाले, "पोथीला तीन अर्थ असतात. पहिला शब्दार्थ: वामन, बळी, जमीन, जसं लिहिलंय तसं. दुसरा रूपकार्थ. त्यात बळी म्हणजे माणसाचा 'मी'. पृथ्वी म्हणजे जवळ जे आहे ते, स्वर्ग म्हणजे पुण्याची आशा, डोकं म्हणजे अहंकार. दानाच्या झारीत अडून बसलेला शुक्र म्हणजे नको तिथली हुशारी. कथेतल्या गोष्टी अशा एकेक जुळल्या, तरच ते रूपक. मनाला येईल तो अर्थ चिकटवता येत नाही. तिसरा गूढार्थ: डोकं खरोखर वाकलं, की देणारा, घेणारा आणि दान वेगळे उरत नाहीत. तो वादानं पटत नाही, अनुभवावा लागतो."

"मंग कोनता खरा जी?" मैनाबाईनं विचारलं.

"तिन्ही. एक दुसऱ्याला खोडत नाही. पण तिन्हींची भेसळ करता येत नाही. बुवा, शब्दार्थ धराल तर तुमच्या पायाची तीन पावलं घ्या. रूपक धराल तर जानरावांचा अहंकार न्या, त्यात जमीन नाहीच. गूढार्थ धराल तर तुम्ही आणि ते एकच, मग वावर कुणी कुणाला द्यायचं? दान घेतलंत शब्दानं आणि वसुली करताय रूपकानं!"

बुवानं आपल्या पायांकडे एकदा पाहिलं. मग पुटपुटला, "शब्दार्थानं घेतो."

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, त्यानं पाय इतके ताणले, की धोतर टर्रकन फाटलं. मूळचाच बुटका, जागा निघाली खाटेएवढी. जानरावांनी हात जोडून ती दिली. बुवा चालता झाला आणि जानराव मातीत बसून ढसाढसा रडले.

"वावर वाचलं ना? आता कावून रडून राहिले?" मैनाबाईचेही डोळे भरून आले होते.

"अवं, शबुद वाचला म्हून. वावर गेलं असतं तं मजुरी केली असती. शबुद गेला असता तं मी कोन राह्यलो असतो?"